लिंब, लिंबू आणि बरणीतला कडूपणा
(प्रस्तावना)

मराठीत लिंबाच्या नावाला दोन झाडं बांधलेली आहेत. ‘लिंबाचा पाला’ म्हटलं की गुढीपाडव्याला गुळाबरोबर चावायचा पाला आठवतो आणि ‘लिंबाचं सरबत’ म्हटलं की वेगळंच झाड डोळ्यांसमोर येतं. लिंब आणि लिंबू या दोघांचं सामान्यरूप एकच, त्यामुळे ‘लिंबाचं लोणचं’ हा शब्दप्रयोग व्याकरणाला विचारला तर दोन्हीकडे चालेल. लोणचं बिघडलं की माझी आजी म्हणायची, ‘‘लिंबाचं केलं होतं ना? मग झालं लिंबाचं!’’ ती कोटी करत होती. पण रसायनशास्त्र तिच्या बाजूचं निघेल हे तिला माहीत नव्हतं, आणि मलाही ते फार उशिरा कळलं.

कडुलिंबाला कडू करणारी द्रव्यं आणि लिंबाच्या लोणच्याला कडू करणारं द्रव्य ही एकाच कुळातली आहेत. या कुळाला लिमोनॉइड म्हणतात. नाव पडलं लिंबूवर्गाच्या बियांत सापडलेल्या लिमोनिन या द्रव्यावरून, जे १८४१ मध्येच वेगळं काढलं गेलं होतं. कडुलिंबातलं निंबिन सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी वेगळं केलं ते त्यानंतर शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये. म्हणजे बरणीतलं लिंबू जेव्हा कडू होतं तेव्हा ते आपल्या नावाच्या दुसऱ्या झाडाकडे थोडं सरकलेलं असतं.

या पुस्तकाचं मूळ मात्र रसायनात नाही, एका फसलेल्या बरणीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी हौसेनं पन्नास लिंबांचं लोणचं घातलं. मे महिना होता, लिंबं महाग होती, आणि विक्रेत्यानं दिलेली हिरवीगार, टणक लिंबं मला ताजी वाटली. सुरी चालवताना साल जाड लागत होती, पण त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. दहाव्या दिवशी चाखलं तर जिभेच्या मुळाशी कडूपणा बसला तो पाणी प्यायलं तरी हलेना. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, मुरू दे. मुरलं की जाईल.’’ मी दिवाळीपर्यंत थांबले. लोणचं मुरलं, मऊ झालं, रंगानं सुंदर झालं, आणि तेवढंच कडू राहिलं. शेवटी सगळी बरणी खतात गेली, आणि तिथेही गांडुळांनी महिनाभर तिच्याकडे पाठ फिरवली असावी असा माझा संशय आहे.

‘मुरलं की जाईल’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ऐकू येतं. ते खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. काही कडूपणा मुरून जातो, काही मुरून कमी होतो आणि काही हटत नाही. हे वेगळं ओळखता आलं तर लोणच्याची पद्धत ठरवता येते.

बरणीत कडूपणा तीन वाटांनी शिरतो. पहिली वाट सालीच्या बाहेरच्या हिरव्या-पिवळ्या थरातली. तिथे डोळ्यांना दिसणाऱ्या बारीक बारीक ठिपक्यांत तेल भरलेलं असतं. साल वाकवली की जे फवाऱ्यासारखं उडतं आणि दिव्याजवळ धरलं तर पेटतं, तेच हे तेल. सुगंध त्यातूनच येतो, पण ते जास्त झालं की जीभ चुरचुरते आणि त्याबरोबर एक कडवट चव येते. ती लगेच लागते आणि लवकर जाते. बरणीतल्या आंबट खारात हे तेल हळूहळू बदलत जातं आणि त्याचा तिखट धारदारपणा ओसरतो. सासूबाईंचं ‘मुरलं की जाईल’ या कडूपणाला अगदी लागू पडतं.

दुसरी वाट बियांची, पांढऱ्या पापुद्र्याची आणि फोडींमधल्या पडद्यांची, आणि हीच खरी गोष्ट आहे. तिसरी वाट मसाल्याची. करपलेली मेथी, जळलेला हिंग किंवा कडकडीत तेलात टाकलेली मोहरीची डाळ बरणीत कडू चव आणतात आणि दोष लिंबाला लागतो. मेथीचा कडूपणा ओळखणं सोपं आहे: तो पहिल्या घासापासून असतो, त्याबरोबर जळका वास येतो आणि फोडीपेक्षा तो खारात जास्त लागतो. लिंबाचा कडूपणा याच्या उलट वागतो. तो उशिरा येतो, फोड चावून संपली तरी मागे राहतो आणि घशाजवळ बसतो.

आता दुसऱ्या वाटेकडे थोडं सावकाश जायला हवं. ताजं पिकलेलं लिंबू कापून चाखलं तर ते आंबट लागतं, कडू लागत नाही. पपनस मात्र झाडावरून काढल्या काढल्या कडू लागतो, कारण त्यात नॅरिंजिन नावाचं वेगळं कडू द्रव्य आधीच तयार असतं. लिंबात तयार कडू द्रव्य फारसं नसतं. तिथे असतं एक बेचव द्रव्य, लिमोनिनचा मूळ कच्चा माल म्हणू या. तो फळाच्या पेशींमध्ये एका बाजूला असतो आणि आंबट रस दुसऱ्या बाजूला, वेगळ्या कप्प्यात. दोघं जोवर एकमेकांना भेटत नाहीत तोवर काही होत नाही. सुरीनं कापलं, दाबलं, पिळलं, उकळलं किंवा मिठानं पेशी फोडली की कप्पे मोडतात, आंबटपणा या बेचव द्रव्याला गाठतो आणि त्याचं हळूहळू लिमोनिन होत जातं. उष्णतेनं हेच काम भरभर होतं. म्हणून लिंबाचं लोणचं ज्या दिवशी घातलं त्या दिवशी कडू लागत नाही, आणि आठवड्यानंतर कडू लागतं. ते बिघडलेलं नसतं. त्याच्या पोटात जे होतं ते त्यानं बाहेर काढलेलं असतं.

हे कोडं आधी सुटलं ते लोणच्यासाठी नाही, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या नेव्हल संत्र्यांसाठी. त्यांचा रस पिळताना गोड लागायचा आणि बाटलीत भरून ठेवला की काही तासांत कडू व्हायचा. रसवाल्यांचा धंदाच त्यात अडकल्यामुळे पॅसाडेना इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर वर्षानुवर्षं काम झालं. शिन हासेगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. फळ पिकत जातं तसं ते स्वतःच कडूपणाच्या कच्च्या मालाला एक साखरेचा रेणू जोडतं आणि मग त्याचं लिमोनिन होत नाही. थोडक्यात, झाडावर पूर्ण पिकलेलं फळ स्वतःचा कडूपणा स्वतः घालवतं. अर्धं कच्चं फळ तोडलं की हे काम अपुरं राहतं.

माझ्या मे महिन्याच्या बरणीचं उत्तर एवढंच होतं. लिंबं हिरवी होती, म्हणजे त्यांचं काम झालेलं नव्हतं.

महाराष्ट्रात कागदी लिंबाला वर्षातून तीन बहार येतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांचा आंबिया बहार पावसाळ्याच्या सुरुवातीला हाताशी येतो, जून-जुलैचा मृग बहार हिवाळ्यात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार उन्हाळ्यात. फूल ते फळ साधारण पाच-सहा महिने. उन्हाळ्यात सरबताची मागणी असते, भाव चढलेले असतात, त्यामुळे हस्त बहाराची फळं झाडावर पिकायची वाट कोणी पाहत नाही. पावसाळ्यात लिंबं स्वस्त आणि पिवळी मिळतात, पण ती धुऊन कोरडी होत नाहीत आणि सालीवर बुरशी लवकर चढते. लोणच्यासाठी मृग बहार सगळ्यांत बरा. हवा कोरडी, ऊन भरपूर, फळ पिवळं आणि साल कागदासारखी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेल्या साई सरबतीसारख्या रसाळ जाती या दिवसांत सहज मिळतात. पण जातीपेक्षा पिकणं मोठं, हे माझं ठाम मत आहे. उत्तम जातीचं कच्चं लिंबू सामान्य जातीच्या पिकलेल्या लिंबापुढे लोणच्यात हरतं.

विकत घेण्याआधी परीक्षा करायची असेल तर एक घरगुती युक्ती आहे. त्या ढिगातलं एक लिंबू घरी आणा, सालीसकट दोन चकत्या कापा, त्याच्याच रसात थोडं पाणी घालून चार-पाच मिनिटं उकळा आणि गार झाल्यावर ते पाणी चाखा. बरणीत जे आठवडाभरात व्हायचं ते उष्णतेनं इथे काही मिनिटांत होतं. पाणी गिळल्यानंतर घशाशी कडूपणा रेंगाळला तर ती लिंबं सरबताला ठेवा. रस पिळून लगेच प्यायला तर त्यांचं काही बिघडत नाही.

कापण्याबद्दल पाककृतींच्या पुस्तकांत सहसा एक ओळ असते: ‘लिंबाचे आठ तुकडे करावेत’. या ओळीत सगळं लपलेलं असतं. देठाकडचा आणि खालचा टोकाचा पांढरा गोल भाग सर्वांत जाड असतो, म्हणून दोन्ही टोकांची पातळ चकती आधी काढून टाकायची. मग उभे दोन भाग, प्रत्येकाचे चार. मधला पांढरा देठासारखा दांडा सुरीच्या टोकानं काढायचा आणि त्याबरोबर बिया. बियांत लिमोनिन सर्वांत जास्त, आणि ते बरणीत महिनोन्‌महिने थोडंथोडं खारात उतरत राहतं. एक बी राहिली तर काही होत नाही, पण पंचवीस लिंबांच्या शंभर बिया राहिल्या की चव फिरते. लोणचं मुरल्यावर बिया काढून टाकल्या तर उशीर झालेला असतो, कारण त्यांचं काम तोवर झालेलं असतं.

फोडी करताना लिंबू दाबायचं नाही. रस काढण्याच्या मोहात लिंबू पिळून साल चिरडली की तेल आणि पांढऱ्या पापुद्र्याचा अर्क रसात मिसळतो. सुरी धारदार हवी, म्हणजे साल कापली जाते, दबत नाही. आमच्याकडे लोखंडी विळीवर लिंबं चिरायची पद्धत होती; तिनं फोडी काळपट व्हायच्या आणि खाराला लोखंडाची चव यायची, म्हणून ती मी सोडली. पितळ आणि ॲल्युमिनियमही आंबटाला वर्ज्य. काच किंवा चिनी माती घ्या, आणि झाकणाला गंज नको.

आता मीठ. इथे माझा थोडा आग्रह आहे, कारण सर्वांत जास्त बरण्या मिठात बिघडतात. एक किलो पिकलेली लिंबं घेतली की ती साधारण पंचवीस-तीस भरतात. टोकं, दांडा आणि बिया गेल्यावर नऊशे ग्रॅमच्या आसपास फोडी राहतात. त्यांना मी १८० ग्रॅम मीठ घालते, म्हणजे फोडींच्या वजनाचा पाचवा हिस्सा. वाटीनं मोजणारी बाई मीठ बारीक घेते की जाडं यावर सगळं बदलतं: एक वाटी बारीक मीठ जाड्या मिठाच्या वाटीपेक्षा बरंच जड असतं, म्हणून मिठाला तराजू लावा. त्यात दोन चमचे हळद आणि वर आणखी पाच-सहा लिंबांचा ताजा रस. रसात सगळ्या फोडी बुडाल्या पाहिजेत हे एकच लक्षात ठेवा. जी फोड वर कोरडी राहते ती मुरत नाही, तिला बुरशी धरते, आणि खालच्या फोडी मुरल्या तरी ती कडूच राहते.

मीठ दोन कामं करतं. सालीतलं पाणी बाहेर काढून स्वतः आत शिरतं, त्यामुळे फोड मऊ होते. आणि जिभेवर मीठ कडूपणा दाबतं, हे चिमूटभर मीठ घालून काळा चहा पिऊन कोणीही पडताळू शकतं. म्हणूनच मिठानं पूर्ण भिजलेली फोड त्याच लिंबाच्या कोरड्या फोडीपेक्षा कमी कडू लागते, जरी आतलं लिमोनिन तेवढंच असलं तरी. कारल्याला मीठ चोळून पाणी पिळून टाकतो तसं इथे करता येत नाही, कारण ते पाणी म्हणजेच लोणच्याचा खार. तो टाकला तर लोणचं कसलं?

साखर, गूळ, तिखट, तेल हे सगळं नंतर. साखर आधी घातली की ती सालीतलं पाणी ओढून घेते पण मिठासारखी आत शिरत नाही; फोड चिवट होऊन बसते आणि पुढे वर्षभर तशीच राहते. तेल आधी घातलं की ते फोडीवर आवरण घालतं आणि मीठ बाहेर अडकतं. म्हणून मी पहिल्या टप्प्यात फक्त मीठ, हळद आणि रस ठेवते. बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा, आठ-दहा दिवस ऊन दाखवायचं आणि रोज एकदा बरणी हलवायची. चमचा घालून ढवळू नका. ओला चमचा हा लोणच्याचा जुना शत्रू.

माझ्या बरणीत पहिल्या तीन दिवसांत खार वर येतो आणि पांढरा पापुद्रा तसाच टणक असतो. आठव्या ते दहाव्या दिवशी चव सर्वांत वाईट असते. पेशी फुटून कच्च्या मालाचं लिमोनिन होत असतं, पण मीठ अजून फोडीच्या मधोमध पोहोचलेलं नसतं. अनेक जणी नेमक्या याच दिवशी चाखतात आणि घाबरून साखर घालतात. तिसऱ्या आठवड्यात पापुद्रा पारदर्शक होऊ लागतो, आणि चाळिसाव्या दिवसापर्यंत फोड दोन बोटांत दाबली की चिरडते, रंग मधासारखा होतो. मुरल्याची खूण रंगापेक्षा त्या पापुद्र्यात आहे: त्यात पांढरा ठिपका उरला असेल तर लोणचं मुरलेलं नाही. त्यानंतर मी एक किलोला चाळीस ग्रॅम तिखट आणि अडीचशे ग्रॅम साखर घालते. तिखट लोणचं हवं असेल तर साखर टाळून मंद आचेवर बदामी तळलेल्या मेथीची पूड, हिंग आणि पूर्ण गार केलेली फोडणी घालते. तेल बोटाला कोमट लागलं तरी आणखी थांबा.

मुरण्यानं लिमोनिन नाहीसं होत नाही हे मात्र पुन्हा सांगते. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे ते बहुतांशी फोडीतच राहतं. मुरण्यानं त्याच्याभोवतीचं सगळं बदलतं: मीठ आत जातं, तेलाचा उग्रपणा मावळतो, साल नरम होते. कडूपणा थोडा असेल तर या बदलाखाली तो झाकला जातो आणि लोणच्याला एक बरी, जरा गंभीर चव देतो. कडूपणा फार असेल तर झाकायला काही पुरत नाही. मग गूळ, खजूर, बेदाणे, जास्त लिंबाचा रस असं काही घालून पातळ करता येतं, म्हणजे तोच कडूपणा जास्त लोणच्यात वाटता येतो. करपलेल्या मेथीच्या बरणीला हेच. पांढरी बुरशी आली असेल तर मात्र वाद नको, बरणी टाकून द्या.

भारतात लिंबाच्या लोणच्याच्या ज्या वेगवेगळ्या पद्धती आहेत, त्यांच्याकडे मी कडूपणाशी वागण्याच्या रीती म्हणून पाहते. उत्तरेत तेलाशिवाय, ओवा आणि काळं मीठ घालून फक्त मिठावर आणि वेळावर सोडून देतात. वर्षानुवर्षांचं काळं पडलेलं लोणचं तिथे पोटदुखीला औषधासारखं जपतात. तमिळनाडूत नारत्तंगाय हे जाड सालीचं फळ गोल गोल वेटोळं कापून, मीठ भरून, उन्हात वाळवतात. तिथे कडूपणाशी लढाई नाही, तो मान्यच आहे. केरळात वडुकापुळी या मोठ्या लिंबाचं लोणचं करताना कडूपणा काढायच्या रीती घराघरांत वेगळ्या आहेत. गुजरातेत गोड आणि आंबट दोन्ही जपून गुळाकडे जातात. महाराष्ट्रात आपण मध्ये उभे आहोत: उपवासाचं बिनतेलाचं, गोड, फोडणीचं आणि आजारी माणसासाठी मिठातलं नुसतं, असे सगळेच प्रकार आपल्याकडे आहेत. ईडलिंबू आणि महाळुंग या जाड सालीच्या फळांचीही आपल्याकडे लोणची होतात, पण त्यांच्या पांढऱ्या गराचं गणित कागदी लिंबापेक्षा वेगळं आहे. मोरोक्कोत तर मिठात मुरवलेल्या लिंबाची सालच खातात आणि गर बहुधा काढून टाकतात. आपण जे टाळू पाहतो ते तिथे मुख्य.

शिजवण्याच्या मार्गाबद्दल मात्र मी थोडी संशयी आहे. हल्ली प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटांत लिंबाचं लोणचं करण्याची पद्धत पसरली आहे. कुकरमध्ये कापलेल्या फोडी मऊ होतात हे खरं, पण उष्णतेनं कडूपणाही झटपट पूर्ण तयार होतो, आणि त्याला मुरायला वेळ दिला नसल्यानं तो नागडा लागतो. त्यापेक्षा अखंड लिंबं उकळत्या पाण्यात चार मिनिटं ठेवून, पाणी फेकून, पुसून, गार करून कापली तर तेलाचा काही भाग निघून जातो आणि फोडी अखंड राहतात. घाईत असाल तर हा रस्ता बरा. पण त्यातही फळ पिकलेलं हवं, ही अट सुटत नाही.

हे आता का लिहायचं, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही स्वयंपाकघरातूनच आली. पहिलं म्हणजे मीठ कमी करण्याचा सल्ला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसांसाठी घरोघरी लोणच्यातलं मीठ निम्म्यावर आणलं जातं. मीठ निम्मं केलं की कडूपणा जास्त जाणवतो आणि बरणी टिकतही नाही. अशा लोणच्याला फ्रिज आणि छोटी बरणी लागते, आणि ते महिनाभरात संपवावं लागतं. कमी मिठाचं लोणचं हा वेगळा पदार्थ आहे आणि त्याला वेगळे नियम हवेत, नुसतं मिठाचं प्रमाण कापून तो होत नाही.

दुसरं कारण परदेशातल्या मराठी घरांचं. अमेरिकेत दुकानात जे मोठं, हिरवं, बिनबियांचं लिंबू मिळतं ते पर्शियन लिंबू, आपलं कागदी नव्हे. आपलं कागदी तिथे ‘की लाइम’ नावानं येतं आणि छोटं, बियांचं असतं. पर्शियन लिंबात बियांची कटकट नाही, पण साल जाड आणि ते हिरवंच विकलं जातं. काही दिवस घरात ठेवून पिवळं होऊ दिलं तर फरक पडतो. पिवळे, मोठे लेमन घेतले तर पांढरा थर इतका जाड असतो की फोडी आठ नव्हे, सोळा कराव्या लागतात. पातळ सालीचं मेयर लेमन लोणच्याला चांगलं लागतं, त्याची चव गोडसर होते. तिकडून येणारी बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाची असतात: ‘‘आईच्या पद्धतीनंच केलं, तरी कडू का झालं?’’ पद्धत आईचीच असते, लिंबू दुसऱ्याचं असतं.

या पुस्तकात मी पाककृती फार दिलेल्या नाहीत. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं १९७० पासून ते काम मराठी घरांत केलं आहे, आणि तिच्या पाठीमागे लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र’सारखी जुनी पुस्तकं उभी आहेत. इथे आहे ते फळापासून बरणीपर्यंतचं निरीक्षण: प्रत्येक बहाराची लिंबं घेऊन, कापण्याच्या तीन पद्धतींनी, मिठाच्या चार प्रमाणांनी घातलेल्या बरण्या, आणि त्यांची दर आठवड्याला चाखून केलेली नोंद. काही नोंदी माझ्या मताच्या विरुद्ध गेल्या आहेत, आणि त्या मी तशाच ठेवल्या आहेत. उन्हात ठेवलेली आणि अंधाऱ्या कपाटात ठेवलेली बरणी यांत मला मोठा फरक अपेक्षित होता. कडूपणात तो जवळजवळ मिळाला नाही, फक्त उन्हातली आधी मऊ झाली.

मृग बहाराची लिंबं मंडईत येऊ लागली की आधी किलोभरच घ्या, त्यातलं एक उकळून बघा, आणि बाकीची कापायला बसताना बियांसाठी वेगळी वाटी जवळ ठेवा.